कूटचलनातील छोटी रक्कम आणि तोट्याची मर्यादा

मुळशी तालुक्याच्या पूर्वेकडील हिंजवडी, माण आणि मारुंजी या गावांत माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांतील पगारदारांची वस्ती वाढली आहे, तर पश्चिमेकडील डोंगराळ गावांत भातशेतीवर चालणारी घरे आहेत आणि पुणे वर्तुळाकार रस्त्याचा पश्चिम टप्पा या तालुक्यातून जात असल्याने काही घरांत भूसंपादनाच्या मोबदल्याची एकरकमी रक्कमही येते. बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांत, म्हणजेच ज्यांना कूटचलन म्हटले जाते त्यांत, थोडी रक्कम घालावी का, हा प्रश्न दोन्ही प्रकारच्या घरांत विचारला जातो आणि त्याला बहुधा एकच उत्तर मिळते: एकूण गुंतवणुकीच्या तीन किंवा पाच टक्क्यांपुरते मर्यादित राहिले की धोका आटोक्यात असतो. टक्केवारी म्हणजेच तोट्याची मर्यादा, हा या विषयातील सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज आहे.

वस्तुस्थिती समजण्यासाठी दोन काल्पनिक कुटुंबे शेजारी ठेवून पाहावीत. माणमधील एका पगारदार दांपत्याची भविष्य निर्वाह निधी वगळता एकूण गुंतवणूक १२ लाख रुपये आहे आणि सर्व खर्च व हप्ते भागवून महिन्याला २५,००० रुपये शिल्लक पडतात. त्यांनी तीन टक्के, म्हणजे ३६,००० रुपये घालून ते सर्व गमावले, तर भरपाईला दीड महिना पुरतो. दुसऱ्या कुटुंबाला जमिनीच्या मोबदल्यापोटी ४० लाख रुपये मिळाले असून शेतीतून वर्षाकाठी जेमतेम ३०,००० रुपये मागे पडतात. तेथे तेच तीन टक्के १,२०,००० रुपये होतात आणि ते गेल्यास भरून काढायला चार वर्षे लागतात. टक्केवारी एकच, परंतु एका घरातील तोटा पुढच्या पगारांत विरून जातो आणि दुसऱ्या घरातील तोटा जमिनीच्या किमतीतूनच कायमचा वजा होतो, कारण विकलेली जमीन दुसऱ्यांदा विकता येत नाही. म्हणून मर्यादा टक्क्यांत न ठरवता रुपयांत ठरवावी आणि तिचे माप संपत्तीवरून नव्हे, तर नियमित बचतीवरून घ्यावे: पूर्ण रक्कम बुडाल्यास ती किती महिन्यांच्या बचतीत परत उभी राहील, हा निकष लावावा. दोन महिन्यांपलीकडे जाऊ नये, ही सावध सीमा होय. शेतकरी कुटुंबाच्या बाबतीत या सीमेत सुमारे ५,००० रुपयेच बसतात आणि तेवढ्यासाठी हा व्याप करायचा नसेल, तर शून्य हेही पूर्णपणे योग्य उत्तर ठरते.

हे माप लावण्याआधी एक पायरी मात्र ओलांडलेली असावी लागते. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा वैयक्तिक कर्ज शिल्लक असेल, सहा महिन्यांच्या खर्चाइतका आकस्मिक निधी बँकेत नसेल, कमावत्या व्यक्तीचा मुदत विमा नसेल, अथवा तीन-चार वर्षांत येणाऱ्या शिक्षणाच्या किंवा घराच्या खर्चाची तरतूद अपुरी असेल, तर डिजिटल नाण्यांचा वाटा शून्यच ठेवावा, कारण या सट्ट्यातील यशाची वाट पाहता येते, परंतु फीची तारीख पुढे ढकलता येत नाही. ‘सट्टा’ हा शब्द येथे विचारपूर्वक वापरला आहे. कंपनीच्या समभागामागे नफा असतो आणि रोख्यामागे व्याज असते. बिटकॉइनमागे असा कोणताही पैशाचा ओघ नाही, पुढचा खरेदीदार अधिक भाव देईल एवढीच अपेक्षा आहे.

दुसरा गैरसमज असा, की मोठी पडझड झाली तरी मूळ रकमेचा बराचसा भाग हाती राहतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९,००० डॉलरपर्यंत चढलेला बिटकॉइन वर्षभरातच १६,००० डॉलरच्या आसपास आला, म्हणजे त्याने तीन-चतुर्थांशाहून अधिक मूल्य गमावले; आणि हे या क्षेत्रातील सर्वांत भक्कम मानले जाणारे नाणे आहे. मे २०२२ मध्ये लुना हे नाणे अवघ्या आठवडाभरात जवळपास शून्यावर गेले. त्यामुळे नियोजनात तोटा २० किंवा ५० टक्के न धरता १०० टक्केच धरावा लागतो, आणि तसा तो धरला की वर सांगितलेली रुपयांतील मर्यादा आपोआप अर्थपूर्ण होते.

ही मर्यादा मोडते ती बहुधा भाव पडल्यावर. समभाग आणि रोखे यांचे ठरलेले प्रमाण राखण्यासाठी जो वाटा घटला त्यात भर घालण्याची पद्धत आहे आणि तिला पुनर्संतुलन म्हणतात; तीच पद्धत नाण्यांना लावली, तर ३६,००० रुपये १८,००० वर आल्यावर आणखी १८,००० घातले जातात, पुन्हा निम्मे झाले की पुन्हा तितकेच, आणि दोन घसरणींनंतर हाती ३६,००० रुपयांचीच नाणी असताना खिशातून मात्र ७२,००० रुपये गेलेले असतात. सध्याचे मूल्य ‘तीन टक्के’च दिसत असल्याने मर्यादा पाळल्याचा भास होतो. मर्यादा मोजायची ती आजवर घातलेल्या एकूण रुपयांवरून. ती एकदा भरली की भाव कितीही स्वस्त वाटला तरी भर घालायची नाही.

अनेकांचा भरवसा ‘स्टॉप-लॉस’वर असतो, म्हणजे भाव अमुक पातळीखाली गेला की नाणी आपोआप विकली जावीत, अशी आगाऊ दिलेली सूचना. ती नेहमी ठरलेल्या भावालाच पार पडते, ही समजूत चुकीची आहे. बऱ्याच ठिकाणी ही सूचना दोन भावांची असते: एका भावाला ती जागी होते आणि दुसऱ्या, किमान भावापेक्षा कमीत विक्री होत नाही; भाव या दोन्हींच्या खाली एकदम उतरला, तर सूचना तशीच पडून राहते आणि नाणी विकली जातच नाहीत. १२ मार्च २०२० रोजी बिटकॉइनने एका दिवसात एक-तृतीयांशाहून अधिक मूल्य गमावले, तेव्हा भाव असाच एकदम उतरला होता. शिवाय नाणी जिथे ठेवली आहेत तो विनिमय मंचच बंद पडला, तर कोणतीही सूचना उपयोगाची नसते. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय मंचाच्या एका वॉलेटमधून, म्हणजे नाण्यांच्या डिजिटल तिजोरीतून, सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. ग्राहकांना नाणी काढून घेणे अशक्य झाले आणि सिंगापूरच्या न्यायालयातील पुनर्रचनेच्या प्रक्रियेनंतर व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. त्या काळात भाव वाढले की पडले, हे खातेदाराच्या दृष्टीने सारखेच होते. बँकेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाकडून पाच लाख रुपयांपर्यंत जे संरक्षण मिळते, तसे येथे नाही. म्हणून तोट्यावरची खरी मर्यादा स्टॉप-लॉसची नसून मंचावर पाठवलेल्या रकमेची असते.

करामुळे ही मर्यादादेखील ओलांडली जाऊ शकते, आणि ही बाब फार थोड्यांच्या ध्यानात येते. २०२२ च्या वित्त कायद्याने या नाण्यांना ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ ठरवून त्यांच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लावला, त्यावर ४ टक्के उपकर येतो, म्हणजे एकूण ३१.२ टक्के होतात. खरेदीची किंमत तेवढी वजा करता येते; इतर कोणताही खर्च वजा होत नाही, एका नाण्यातील तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही आणि तो पुढील वर्षी ओढताही येत नाही. एक नाणे देऊन दुसरे घेणे हीदेखील विक्रीच मानली जाते. समजा, माणमधील त्या दांपत्याची ३६,००० रुपयांची नाणी १,००,००० रुपयांची झाली आणि त्यांनी ती बँकेत न आणता एका नव्या, अधिक चमकदार नाण्यात बदलली. त्या क्षणी ६४,००० रुपयांचा नफा झाल्याचे धरले जाते आणि त्यावर १९,९६८ रुपये कर लागू होतो. पुढे त्याच वर्षी नवे नाणे शून्यावर गेले, तरी कर माफ होत नाही. तो पगारातून भरावा लागतो आणि ३६,००० रुपयांच्या मर्यादेचा एकूण तोटा ५५,९६८ रुपयांवर जातो. त्यामुळे नाण्यांची आपसांत अदलाबदल न करणे आणि विक्री झाली की नफ्याचे ३१.२ टक्के त्याच दिवशी बँकेत बाजूला ठेवणे, हे दोन नियम मर्यादेचाच भाग समजावेत. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर जी एक टक्का उद्गम करकपात लागू झाली, ती वेगळा कर नसून अंतिम करात जमा धरली जाते.

सरकार कर घेते म्हणजे सरकारने हमी घेतली, हा समजही तितकाच निराधार आहे. मार्च २०२३ पासून हे मंच मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आले आणि त्यांना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. ही नोंदणी संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवण्यासाठी आहे, गुंतवणूकदाराचे पैसे परत मिळवून देण्यासाठी नाही. पुणेकरांना याहून कटू अनुभव आहे. ‘गेनबिटकॉइन’ योजनेत बिटकॉइन जमा करणाऱ्यांना १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचे आश्वासन देण्यात आले, पुढे बिटकॉइनऐवजी योजनेचेच कमी मोलाचे नाणे हाती ठेवण्यात आले आणि एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी योजनेचा प्रवर्तक अमित भारद्वाज याला अटक केली. नाण्यांवर ठरावीक मासिक परतावा सांगितला जातो तेव्हा तो प्रस्ताव मर्यादेत बसतो का, हे तपासण्याचे कारणच उरत नाही. तो बाद करावा.

राहिला प्रश्न भाव वाढल्यास काय करावे याचा, कारण वाढलेली रक्कमही घराच्या योजनेत धोका म्हणूनच शिरते. एकाच भावाने घेतलेली ३६,००० रुपयांची नाणी तिप्पट, म्हणजे १,०८,००० रुपयांची झाली आणि मूळ रक्कम परत काढायची असेल, तर ३६,००० रुपयांचीच नाणी विकून भागत नाही. त्यांतील २४,००० रुपये नफा असल्याने ७,४८८ रुपये करात जातात. विक्री सुमारे ४५,४५५ रुपयांची करावी लागते, तेव्हा करापोटी सुमारे ९,४५५ रुपये वजा होऊन ३६,००० हाती उरतात. मंचाचे शुल्क यात धरलेले नाही. कोणत्या पातळीला ही विक्री करायची, ते खरेदीच्या दिवशीच लिहून ठेवावे, आणि ठरलेली संपूर्ण रक्कम ज्या वेगळ्या बचत खात्यातून मंचावर जाईल, त्या खात्याला पगाराचे खाते जोडू नये. प्रत्येक खरेदीची तारीख, रुपये, नाण्यांची संख्या आणि कापलेला एक टक्का यांची नोंद एका वहीत ठेवली, तर विवरणपत्रातील या मालमत्तेचा स्वतंत्र तक्ता भरणे सोपे जाते; मंचाचे नाव आणि खाते कोणत्या मोबाइल क्रमांकावर आहे, हेही त्याच पानावर लिहून ती वही घरातील दुसऱ्या व्यक्तीला दाखवून ठेवावी.