अडतीस नव्हे, पासष्ट

पत्राचा पहिला मसुदा वाचायला चारच मिनिटे लागली. त्यानंतर जे काम सुरू झाले ते तीन आठवडे चालले.

जागा बीड जिल्ह्यातल्या एका गावातली. पूर्वी तिथे पिठाची गिरणी होती, आता एका छोट्या संस्थेचे कार्यालय आहे. भिंतीला टेकवलेल्या सतरंज्या, दोन पातेली, एक लोखंडी कपाट. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावातली निम्मी घरे रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या अशा जोडीला तिकडे 'कोयता' म्हणतात. मुले बरोबर गेली तर शाळा सुटते आणि मागे राहिली तर थकलेल्या आजी-आजोबांवर भार पडतो. मागे राहणाऱ्या मुलांना संध्याकाळी जेवण द्यायचे आणि दोन तास अभ्यासाला बसवायचे, एवढेच ही संस्था करते. तेही फक्त नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत.

ओळखीतल्या 180 जणांना दरवर्षी मदतीचे पत्र जाते. 2024 च्या हंगामासाठी ते लिहायला पुण्याहून एक तरुण आला होता. जाहिरातीच्या धंद्यातला, सुट्टी काढून, स्वतःच्या खर्चाने. त्याच्या मसुद्याची पहिली ओळ अशी होती: 'रोज फक्त 38 रुपयांत एका निराधार मुलाचे आयुष्य घडवा.'

ओळ चांगलीच होती. कुणीही थांबून वाचावी अशी. संस्थेच्या सचिवबाईंनी ती दोनदा वाचली आणि कागद खजिनदारांकडे सरकवला. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. बँकेत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस, पेन्सिल कानावर. त्यांनी '38' भोवती गोल काढला.

अडतीस हा आकडा खोटा नव्हता. एका मुलाच्या एका वेळच्या जेवणाचे धान्य, डाळ, भाजी, तेल आणि आठवड्यातून दोनदा अंडे, एवढ्याचा तो खर्च. पण भाकरी आपोआप भाजली जात नाही. अण्णांनी वहीतून मांडणी करून दाखवली. 42 मुले, 150 दिवस, 38 रुपयांप्रमाणे शिधा 2,39,400 रुपये. स्वयंपाक करणाऱ्या दोघींचे पाच महिन्यांचे मानधन 50,000. अभ्यास घेणाऱ्या दोन ताईंचे 60,000. गॅस, वीज आणि खोलीची डागडुजी 30,000, वह्या आणि औषधे 12,000, हिशेबतपासणी, टपाल आणि प्रवास 18,600. बेरीज 4,10,000. मुलांच्या आणि दिवसांच्या संख्येने भागले की रोजचे पासष्ट रुपये येतात.

'पण अडतीसला लोक लगेच हो म्हणतात,' तरुण म्हणाला. तेही खरेच. फक्त अडतीस देणाऱ्याला आपण एका मुलाचा भार पूर्ण उचलला असे वाटते, आणि वरचे सत्तावीस रुपये कुठून आणायचे हा प्रश्न पत्राबाहेर राहतो. छोट्या संस्था इथेच फसतात. शिध्याला पैसे मिळतात आणि ताईंचे मानधन थकते. मग हंगामाच्या मध्यावर ताई दुसरे काम धरते आणि अभ्यास बंद पडतो. जेवण मात्र चालू असते, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला सगळे ठीक दिसते.

याच हिशेबाने 'तुमचा प्रत्येक रुपया थेट मुलांपर्यंत' हे वाक्यही गेले. त्याजागी आले: 'शंभर रुपयांतले साधारण साडेचार रुपये हिशेबतपासणी, टपाल आणि प्रवासावर जातात.' तरुणाला हे वाक्य पत्राचा जीव घेणारे वाटले. अण्णांना मात्र संबंध पत्रात तेच सगळ्यात आवडले. पण अण्णांच्या आवडीवर पत्रे सोडली तर सगळी पत्रे ताळेबंदासारखी होतील, हेही कबूल करायला हवे.

कारण माणूस आकड्यांनी हलत नाही, ही तरुणाची तक्रार हवेतली नव्हती. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोविक या अमेरिकी संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या क्षेत्रात वारंवार सांगितला जातो. भाग घेणाऱ्यांना पाच डॉलर देऊन त्यातले हवे तेवढे दान करायला सांगितले होते. काहींना माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची हकीकत दिली, काहींना आफ्रिकेतल्या उपासमारीचे आकडे दिले. मुलीची हकीकत वाचणाऱ्यांनी सरासरी 2.38 डॉलर दिले, आकडे वाचणाऱ्यांनी 1.14. खरी मेख तिसऱ्या गटात आहे. हकीकत आणि आकडे दोन्ही एकत्र दिले तेव्हा देणगी 1.43 वरच राहिली. म्हणजे आकडे जवळ आले की हकीकतीची धगही कमी झाली.

हे वाचून दोन गोष्टी करता येतात. आकडे लपवायचे आणि मूल पुढे करायचे, किंवा दोन्हींची जागा वेगळी करायची. सचिवबाईंनी दुसरा मार्ग धरला. पुढच्या पानावर एकच मुलगी, मागच्या पानावर पूर्ण हिशेब. हाताला पान उलटायचा त्रास तेवढा द्यायचा.

मुलगी कोणती, हा पुढचा पेच. मसुद्यातली मुलगी दोन मुलींच्या गोष्टी जोडून केलेली होती. एकीचा पाय कोयत्याने कापला होता, दुसरी हुशार होती. जोड बेमालूम होती, म्हणूनच ती काढली. पाचवीतली एक खरी मुलगी ठेवली, नाव बदलले आणि बदलल्याचे पत्रातच लिहिले. मग सचिवबाई तो मजकूर घेऊन मुलीच्या आजीकडे गेल्या आणि ओट्यावर बसून मोठ्याने वाचला. संस्थेची ही जुनी रीत आहे. ज्यांच्याबद्दल लिहायचे त्यांना ते आधी ऐकवायचे.

आजीने 'निराधार' या शब्दाला थांबवले.

'असं का लिवलंय? तिला आईबाप हायेत की. तोडीला जात्यात.'

सचिवबाईंकडे उत्तर नव्हते. आई-बाप रात्रीच्या अंधारात उसाच्या फडात उतरतात ते याच पोरीसाठी, आणि पत्र त्यांना पुसून टाकत होते. शब्द गेला. तिच्या रडक्या चेहऱ्याचा फोटोही गेला, कारण त्यावर आजीने विचारले, 'हा कुठं कुठं जानार?' 180 घरी, हे ऐकून तिने पदर डोक्यावर नीट घेतला. नंतर छापला तो मुलीच्या वहीचा फोटो, अपूर्णांकांच्या उदाहरणांचा, त्यातली दोन चुकलेली.

पुढच्या पानावर शेवटी जे राहिले ते असे:

'सुमन (नाव बदलले आहे) पाचवीत आहे. तिचे आई-वडील ऊसतोडीला जातात आणि ती आजीजवळ राहते. आजीला रात्री नीट दिसत नाही, म्हणून चूल संध्याकाळी लवकर विझते. केंद्रात सुमन सातला जेवते आणि मग दोन तास अभ्यास करते. तिला गणित जड जाते. आम्ही तिचे आयुष्य बदलू असे म्हणत नाही. पाच महिने ती उपाशी झोपणार नाही आणि शाळेत जाईल, एवढी जबाबदारी आम्ही घेतो.'

मसुद्यात दिवाळीबद्दलही एक वाक्य होते. तुम्ही फराळाचे ताट पुढे घ्याल तेव्हा या मुलांचे ताट रिकामे असेल, अशा अर्थाचे. ते कापताना फार चर्चा झाली नाही. एक तर ते खोटे होते, कारण दिवाळीत गावात आजीही चार करंज्या करतेच. दुसरे कारण अण्णांनी सांगितले. एका वर्षी असेच एक वाक्य पत्रात गेले होते. त्या वर्षी पैसे बरे आले, पण पुढच्या वर्षी देणाऱ्यांतले बरेच जण फिरकले नाहीत. वाक्यामुळेच, असे ते म्हणत नव्हते. पण त्यातल्या एकाने फोनवर सांगितले होते की तुमचे पाकीट दिसले की फोडावेसे वाटत नाही.

'केंद्र बंद पडेल' या वाक्यावर मात्र खूप वेळ गेला. हे भीती दाखवणे आहे की वस्तुस्थिती? हातात 1,35,000 रुपये होते. महिन्याचा खर्च 82,000. म्हणजे केंद्र डिसेंबरअखेरपर्यंत नक्की चालले असते. मग तेच लिहिले: 'सध्याच्या पैशांत डिसेंबरअखेरपर्यंत चालेल. आणखी 2,75,000 लागतील. कमी जमले तर कमी मुले घेऊ. जास्त जमले तर पुढच्या हंगामासाठी ठेवू आणि तसे कळवू.' तारीख आणि आकडा एकदा लिहिला की घाबरवणाऱ्या विशेषणांना बसायला जागाच उरत नाही.

आणखी एक अडचण गेल्या हंगामाची. 39 मुले आली होती, शेवटपर्यंत राहिली 31. आठ मधेच गेली. कुणाची आजी आजारी पडली, कुणाला धाकट्या भावाला सांभाळायला फडावर बोलावून घेतले. मसुद्यात फक्त 31 होते आणि 'एकही मूल शाळाबाह्य नाही' अशी ओळ होती. आठांचा उल्लेख केला तर देणारा म्हणेल की पाचातले एक गळते, मग उपयोग काय. सचिवबाईंनी तरीही तो घातला, एका साध्या वाक्यात आणि कारणांसह.

करसवलतीच्या ओळीत 'पूर्ण करमुक्त' असे छापले होते. काही संस्थांच्या पावतीवरही असे आढळते. तेव्हा लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्याच्या 80 जी कलमाखाली अशा संस्थेला दिलेल्या रकमेच्या साधारण निम्म्यावर, तीही मर्यादेत, वजावट मिळायची. रोख दिलेली रक्कम 2,000 रुपयांपेक्षा जास्त असेल तर नाहीच. नव्या करप्रणालीत ती मिळतच नव्हती. हे सगळे दोन ओळींत बसले. आणखी एक ओळ परदेशातल्या नातेवाइकांसाठी होती. संस्थेकडे परदेशी देणगीची नोंदणी नाही, त्यामुळे भारतीय नागरिकत्व असलेल्यांनीच बँकेमार्फत पैसे पाठवावेत, इतरांचे घेता येणार नाहीत. आता भारतीय नागरिक नसलेल्यांचे, सॅन होजेचे दोन पत्ते अण्णांनी यादीतून स्वतःच्या हाताने खोडले. थोडे जड हातानेच.

पत्रे सप्टेंबरअखेर गेली. नोव्हेंबरच्या दहा तारखेपर्यंत 67 जणांकडून 2,46,500 रुपये आले. 28,500 कमी पडले. तरुणाने पुण्याहून फोन करून विचारले, पहिली ओळ ठेवली असती तर भागले असते का? याला कुणाकडेच उत्तर नाही.

मुले कमी करायची ठरली तेव्हा अडतीसचा आकडा परत आला. एक मूल कमी झाले तरी ताईंचे मानधन तेच, गॅसही जवळपास तेवढाच. वाचतो फक्त शिधा. तीन मुले कमी केली तर 17,100 वाचत होते. उरलेले 11,400 छपराचे पत्रे बदलण्याचे काम पुढे ढकलून भागवले. 39 मुलांनी केंद्र सुरू झाले. 67 जणांना पावतीबरोबर हे कळवणारे कार्ड गेले.

डिसेंबरात सोलापूरच्या एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले. त्यांनी 500 रुपये दिले होते. पत्रात एकच प्रश्न होता: गेल्या वर्षी गेलेली ती आठ मुले आता कुठे आहेत? सचिवबाई हजेरीचे जुने रजिस्टर उघडून बसल्या. पाच मुले जूनमध्ये शाळेत परतली होती, एकीचे नाव मामाच्या गावच्या शाळेत होते. उरलेल्या दोघांचा पत्ता लागेना. त्यांनी मुकादमाला फोन लावला. तो फडावर होता, त्याला नीट ऐकू येत नव्हते.