सगळे वाचक एकाच पत्त्यावरचे

तालुक्याच्या एका गावातल्या वाचनालयाची वेबसाइट मी हौसेनं सांभाळतो. पुस्तक कपाटात आहे की कुणी नेलंय ते घरबसल्या पाहायचं, हवं तर राखून ठेवायचं, एवढंच तिचं काम. गेल्या पावसाळ्यात ग्रंथपालबाईंचा फोन आला. "अहो, साइट मधेच बंद पडते आणि आपली आपण सुरू होते. आम्ही कशाला हातसुद्धा लावलेला नाही." उघडून पाहिली तर पडद्यावर `502 Bad Gateway`. चहा करून परत आलो तर सगळं सुरळीत. दुपारी पुन्हा तेच. मग घड्याळ घेऊन बसलो, तेव्हा दिसलं की साइट दर वेळी जवळजवळ बरोबर दहा मिनिटं बंद राहते.

बिघाड असा घड्याळ लावून होत नाही. दहा मिनिटं म्हटल्यावर मला आपल्याच पहारेकऱ्याचा संशय आला. सर्व्हरवर `fail2ban` नावाचा प्रोग्राम बसवलेला होता. तो लॉग वाचत बसतो. एका आयपी पत्त्यावरून दहा मिनिटांत पाच वेळा चुकीचा पासवर्ड आला, की त्या पत्त्याला फायरवॉलमध्ये दहा मिनिटं बंदी. हे आकडे त्याच्या मूळ मांडणीतलेच आहेत, मी बदलले नव्हते. तो वाचत होता तो लॉग उघडला आणि कपाळावर हात मारला.

```
10.0.0.5 - - [14/Jul/2025:10:42:07 +0530] "POST /login HTTP/1.1" 401 512
10.0.0.5 - - [14/Jul/2025:10:42:31 +0530] "GET /books HTTP/1.1" 200 8841
```

खाली कितीही ओळी सरकवा, पहिला रकाना तोच. `10.0.0.5` हा कुठल्या वाचकाचा पत्ता नव्हताच, तो आमच्याच प्रॉक्सीचा होता. महिन्यापूर्वी मी मूळ सर्व्हरच्या पुढे आणखी एक छोटा सर्व्हर उभा केला होता. बाहेरची सगळी ये-जा तो घेतो आणि आत पोचवतो. त्या दिवसापासून लॉगच्या लेखी अख्खं गाव एकाच पत्त्यावर राहायला गेलं होतं. पाच वेगवेगळ्या घरांतले पाच विसराळू सभासद दहा मिनिटांत एकेकदा चुकले, की पहारेकरी प्रॉक्सीलाच बाहेर काढायचा आणि तिच्यामागचे सगळे बाहेर.

असं का होतं? सरकारी कचेरीतली बारनिशी आठवा. तुमचा अर्ज तहसील कचेरीतून जिल्ह्याला जातो. जिल्ह्याच्या बारनिशीतला कारकून पाहतो तर टपाल घेऊन आलाय तहसीलचा शिपाई. त्यानं 'कोणाकडून' या रकान्यात 'तहसील' लिहिलं, तर ते खोटं नाही. कागद त्याच्या हातात तहसीलनंच दिला. इंटरनेटवरही वाचकाचा ब्राउझर प्रॉक्सीशी जोडणी करतो आणि ती तिथेच संपते. प्रॉक्सी आतल्या सर्व्हरशी दुसरी, स्वतंत्र जोडणी करते. लॉगमधला पत्ता जोडणीवरून घेतलेला असतो, म्हणून तिथे प्रॉक्सी दिसते. मूळ अर्जदार कोण, हे कळायचं तर तहसीलनं कागदावर तसा शेरा मारायला हवा.

वेबच्या जगात या शेऱ्याचं नाव `X-Forwarded-For`. स्क्विड या जुन्या प्रॉक्सी सॉफ्टवेअरच्या मंडळींनी तो सुरू केला आणि बाकीच्यांनी उचलला. २०१४ मध्ये RFC 7239 नं `Forwarded` नावाचा नेटका, अधिकृत शेरा आणला, पण जुनी सवय सुटत नाही. बहुतेक ठिकाणी आजही जुनाच चालतो. आमच्या प्रॉक्सीवर nginx आहे, तिथे ही ओळ घातली:

```
proxy_set_header X-Forwarded-For $proxy_add_x_forwarded_for;
```

आधीचा शेरा असेल तर तो तसाच ठेवून, त्याच्या शेवटी स्वल्पविराम देऊन, आपल्याला जोडणी करणाऱ्याचा पत्ता लिहायचा, एवढंच ती सांगते. पण यानं लॉग बदलला नाही. शेरा आला खरा, मात्र आतल्या सर्व्हरला तो वाचायला कुणी सांगितलंच नव्हतं.

बरीच मंडळी इथेच चुकतात, मीही चुकलो. शेऱ्यातला पहिला पत्ता वाचकाचा, मग तोच उचलावा, असं साधं गणित मी केलं आणि साइटच्या प्रोग्राममध्ये दोन ओळी लिहिल्या. लॉग लगेच रंगीबेरंगी झाला. रात्री सहज म्हणून घरून ही आज्ञा चालवून पाहिली (इथले सगळे बाहेरचे पत्ते आणि साइटचं नाव उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्यांपैकी आहे):

```
curl -H "X-Forwarded-For: 203.0.113.99" https://example.org/books
```

माझा खरा पत्ता `198.51.100.23`. लॉगमध्ये मात्र आला `203.0.113.99`, म्हणजे मी हातानं लिहिलेला. शेरा हा शेवटी निव्वळ मजकूर. अर्जदारानं घरूनच कागदावर 'कलेक्टर साहेबांमार्फत' असं लिहून आणलं, तर कारकुनानं ते खरं मानायचं का? पासवर्ड फोडायला बसलेला माणूस दर वेळी नवा पत्ता लिहून पाठवेल आणि पहारेकऱ्याची पाचाची मोजणी कधी पुरी व्हायचीच नाही. त्याहून वाईट म्हणजे तो दुसऱ्याचा पत्ता लिहून त्याला बंदी घडवून आणेल.

म्हणून शेरा उजवीकडून डावीकडे वाचायचा. सर्वांत उजवा पत्ता आपल्याच प्रॉक्सीनं लिहिलेला असतो. ती आपली, म्हणून तिचं अक्षर विश्वासाचं. तिनं लिहिलेला पत्ताही आपल्याच ओळखीच्या मधल्या सर्व्हरचा असेल, तर आणखी एक घर डावीकडे सरकायचं. अनोळखी पत्ता लागला की थांबायचं. तोच वाचक. त्याच्या डावीकडे काहीही लिहिलेलं असो, ते त्यानं स्वतः लिहिलेलं असू शकतं.

पुढे आम्ही साइटपुढे एक सीडीएन घेतलं, म्हणजे पानांच्या प्रती ठिकठिकाणी ठेवून वाटणारी सेवा. तेव्हा माझी तीच खोटी विनंती आत पोचताना अशी दिसली: `203.0.113.99, 198.51.100.23, 192.0.2.10`. जोडणी `10.0.0.5` ची, ती आपली. उजवीकडचा `192.0.2.10` सीडीएनचा, तोही यादीत. पुढचा `198.51.100.23` यादीत नाही, थांबा. तो माझ्या घरचा होता. थाप मारलेल्या पत्त्यापर्यंत वाचन पोचलंच नाही.

nginx मध्ये हे काम `realip` नावाचा भाग करतो. आतल्या सर्व्हरवर एवढं पुरतं:

```
set_real_ip_from 10.0.0.5;
set_real_ip_from 192.0.2.0/24;
real_ip_header X-Forwarded-For;
real_ip_recursive on;
```

पहिल्या दोन ओळी म्हणजे विश्वासाची यादी, आणि जीव सगळा तिच्यातच आहे. शेवटची ओळ डावीकडे सरकत राहायला सांगते; ती नसेल तर फक्त सर्वांत उजवा पत्ता घेतला जातो. मधे दोन सर्व्हर असताना लॉगमध्ये सारखे सीडीएनचेच पत्ते येत असतील, तर बहुधा ही ओळ राहिलेली असते. आणि कंटाळा करून यादीत `0.0.0.0/0` लिहिलं, तर सगळं जगच विश्वासाचं ठरतं. वाचन थेट डाव्या टोकाला जाऊन थापेवरच थांबतं आणि आपण पहिल्या चुकीवर परत येतो. सीडीएनवाले आपल्या पत्त्यांची यादी जाहीर करतात, ती अधूनमधून बदलते. जुन्या यादीवर राहिलं की काही ओळींत पुन्हा सीडीएन दिसू लागतं. अपाचीवर हेच काम `mod_remoteip` करतं. तिथे लॉगच्या साच्यात `%h` च्या जागी `%a` लिहिलेलं बरं.

जोडणीचा मूळ पत्ता मी टाकून दिला नाही. `$realip_remote_addr` हा रकाना लॉगच्या शेवटी जोडला. एखादी ओळ प्रॉक्सीला टाळून थेट आत आली, तर तिथे `10.0.0.5` दिसत नाही आणि चोरवाट उघडी आहे हे कळतं. ती वाट फायरवॉलनं बंद केलीच आहे, तरी डोळा असावा. मागच्या महिन्याच्या ओळी मात्र दुरुस्त होत नाहीत. त्यांचे खरे पत्ते प्रॉक्सीच्या स्वतःच्या लॉगमध्ये असतील तेवढेच. सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात. त्या काळात कुणी चौकशीला आलं, तर 'सगळे वाचक 10.0.0.5 वरचे' असं सांगायची पाळी माझ्यावर आली असती.

आता साइट बंद पडेना. आठवड्यानं पाहिलं तर पहारेकरीही निकामी झाला होता. बंदीच्या यादीत खरे पत्ते होते, तरी तीच मंडळी पासवर्ड लावतच होती. कारण बंदी आतल्या सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये आणि तिला शेरा वाचता येत नाही. तिच्यापर्यंत येणारा प्रत्येक पॅकेट `10.0.0.5` चाच. लॉगमध्ये खरा पत्ता असणं वेगळं आणि दारावर तो दिसणं वेगळं. सीडीएनमुळे प्रॉक्सीच्या फायरवॉललाही तो दिसणार नव्हता, म्हणून बंदी आतल्या nginx च्या `deny` यादीत लिहायला लावली. `realip` चं वाचन त्या यादीच्या आधी होतं, त्यामुळे ती लागू पडते.

खरा पत्ता म्हणजे खरा माणूस, असंही नाही. २००७ च्या सुरुवातीला विकिपीडियावर एकच पत्ता रोखला गेला आणि कतारमधल्या लोकांना खातं नसताना लिहिणं बंद झालं. तिथली जवळजवळ सगळी ये-जा त्या एका पत्त्यातून होत होती. ओळखीच्या प्रॉक्सींचा `X-Forwarded-For` मानायचा, अशी यादी विकिपीडियाकडे आहे ती असल्याच घोटाळ्यांवरचा उपाय म्हणून. मोबाइलवर तर शेराही नसतो. कंपनी एकेक पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटते. त्यांतला एक ओळखायचा तर पत्त्याबरोबर पोर्टचा आकडा आणि नेमकी वेळ लागते, आणि ते जुळवायचं कंपनीच्या नोंदींशी.

हे मला पुस्तकात नाही, बाईंच्या पुढच्या फोनवर पटलं. "साइट सगळीकडे चालतेय, फक्त आमच्याच अभ्यासिकेत नाही!" अभ्यासिकेत चाळीस पोरं, सगळी वाचनालयाच्या एका वायफायवर, बाहेरून पत्ता एक. त्या आठवड्यात सगळ्यांना नवे पासवर्ड दिले होते. आता चुका पत्त्यावर मोजत नाही, सभासद क्रमांकावर मोजतो. पत्त्यासाठी मर्यादा पाचावरून पन्नासावर नेली आहे.