पहिला खट्याळ मेसेज
पहिल्या खट्याळ मेसेजला दोघांमध्ये खरोखर घडलेल्या एखाद्या प्रसंगाचा आधार असावा. नुसत्या ‘हाय, जेवलीस का?’ला ‘हो’पलीकडे उत्तर सुचत नाही. त्याऐवजी, कालच्या चहाच्या गप्पांवरून, ‘आल्याचा चहा वाईट म्हणणारी तू पहिलीच. मत बदलायची जबाबदारी माझी. शनिवारी वेळ आहे?’ यात चेष्टा आहे, ओढ कळते आणि नकाराला वाटही राहते. रूपाची, अंगाची स्तुती पहिल्या मेसेजात नकोच. समोरची व्यक्ती अवघडते. मेसेज एक-दोन ओळींचा, दिवसाउजेडी पाठवावा. मध्यरात्री तोच मजकूर वेगळा वाचला जातो. उलट चेष्टा किंवा प्रश्न आला, तर गप्पा पुढे न्याव्यात. कोरडे ‘हं’ आले किंवा उत्तरच आले नाही, तर ‘??’ पाठवू नये, तिथेच थांबावे.