जानेवारीत जन्मलेल्यांचा प्राणी कोणता?

चिनी हॉटेलात ताटाखाली अंथरलेला कागद तुम्ही पाहिला असेल. गोलाकार बसलेले बारा प्राणी आणि प्रत्येकाखाली जन्मसालांची एक ओळ. आपलं साल शोधायचं आणि आपण वाघ की ससा ते ठरवायचं. मार्च ते डिसेंबर या काळात जन्मलेल्यांना हा कागद बरोबर उत्तर देतो. जानेवारीत किंवा फेब्रुवारीत जन्मलेल्यांना मात्र तो बरेचदा चुकीचा प्राणी सांगतो, कारण त्यावर छापलेलं वर्ष १ जानेवारीला सुरू होतं आणि प्राण्याचं वर्ष तेव्हा सुरू होत नाही.

आधी साधा हिशेब. जन्मसालाला १२ ने भागा. बाकी ४ उरली तर उंदीर, ५ उरली तर बैल. पुढे वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा आणि ११ बाकीला बोकड. बाकी शून्य आली तर माकड, मग १, २, ३ ला कोंबडा, कुत्रा, डुक्कर. १९८५ ची बाकी ५ येते, म्हणजे बैल. पण या बैलाचं वर्ष चीनमध्ये २० फेब्रुवारी १९८५ ला सुरू झालं. त्याआधीचे पन्नास दिवस उंदराचेच होते. फुटबॉलपटू क्रिस्तियानो रोनाल्डो ५ फेब्रुवारी १९८५ चा. कागद त्याला बैल म्हणेल, चिनी नववर्षाच्या हिशेबाने तो उंदीर. आपल्या राहुल द्रविडचा जन्म ११ जानेवारी १९७३ चा आणि त्या साली नवं वर्ष ३ फेब्रुवारीला लागलं. म्हणून तोही बैल नव्हे, उंदीरच.

चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २१ फेब्रुवारी या महिनाभरात कधीही येतं. त्यामुळे २० जानेवारीपर्यंत जन्मलेल्याने बेलाशक मागच्या सालाचा प्राणी घ्यावा आणि २१ फेब्रुवारीनंतर जन्मलेल्याने चालू सालाचा. मधल्या महिन्यातल्यांना मात्र त्या विशिष्ट वर्षाची तारीख पाहावीच लागते. १९७४ साली ती २३ जानेवारी होती. म्हणून १० जानेवारीचा हृतिक रोशन बैल आणि ४ फेब्रुवारीची उर्मिला मातोंडकर वाघ. साल एक, प्राणी दोन.

ही तारीख अशी का सरकते, हे मराठी माणसाला समजावून सांगणं सोपं आहे, कारण आपलं पंचांग त्याच घडणीचं आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, चिनी महिनाही अमावास्येपाशीच बदलतो. फरक इतकाच, की ज्या दिवशी अमावास्येचा क्षण येतो तोच दिवस तिकडे महिन्याचा पहिला धरतात. आपण सूर्योदयाची तिथी पाहतो, म्हणून आपली प्रतिपदा कधी त्याच दिवशी, कधी दुसऱ्या दिवशी येते. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून नववर्ष दरवर्षी तितकं मागे येतं आणि अधिक महिना धरला की पुन्हा पुढे जातं. बहुतेक वर्षी चिनी नववर्ष आपल्या माघ शुद्ध प्रतिपदेच्या आसपास पडतं. २०२५ मध्ये पौष अमावास्या आणि चिनी नववर्ष दोन्ही २९ जानेवारीला होती. पण भिंतीवरच्या कॅलेंडरावर डोळे मिटून विसंबू नये. दोघांचे अधिक महिने दरवेळी जुळत नाहीत. २०२६ चं चिनी नववर्ष १७ फेब्रुवारीला आलं आणि ती होती माघातली अमावास्या.

खरा नियम डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसाला बांधलेला आहे. ज्या महिन्यात तो दिवस येतो तो चिनी वर्षाचा अकरावा महिना. तिथून पुढची दुसरी अमावास्या म्हणजे सहसा नववर्षाचा पहिला दिवस. क्वचित मध्ये अधिक महिना आला तर तिसरी. हे कळलं की १९८५ मधली विलक्षण गोष्ट उलगडते.

व्हिएतनामही हेच बारा प्राणी मानतो, फक्त सशाच्या जागी मांजर आणि बैलाच्या जागी रेडा. १९६८ पासून तिथे, आधी उत्तर भागात, पंचांगासाठी हनोईची वेळ धरली गेली. ती बीजिंगच्या वेळेपेक्षा एक तास मागे. १९८४ च्या डिसेंबरात सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोहोचला तेव्हा हनोईत २१ तारखेच्या रात्रीचे अकरा वाजून तेवीस मिनिटं झाली होती. त्याच क्षणी बीजिंगमध्ये मध्यरात्र उलटून २२ तारीख लागलेली. आणि नेमकी २२ लाच अमावास्या होती.

हनोईचा हिशेब असा झाला: लहान दिवस २१ ला होऊन गेला, त्यानंतरची पहिली अमावास्या २२ डिसेंबर, दुसरी २१ जानेवारी. नववर्ष २१ जानेवारीला. बीजिंगमध्ये लहान दिवस आणि अमावास्या एकाच तारखेला आले. २२ डिसेंबरला सुरू झालेला महिनाच अकरावा ठरला, म्हणून पुढची पहिली अमावास्या २१ जानेवारी आणि दुसरी २० फेब्रुवारी. एका तासाच्या फरकाने दोन देशांची नववर्षं तब्बल तीस दिवस लांब गेली. त्या तीस दिवसांत हनोईत जन्मलेलं बाळ रेड्याच्या वर्षाचं आणि बीजिंगमधलं बाळ उंदराच्या. छापील तक्ते सहसा चिनी तारखा देतात. त्यामुळे त्या महिन्यात जन्मलेल्या व्हिएतनामी माणसाला ते चुकीचा प्राणी दाखवतात.

यात आणखी दोन सीमारेषा आहेत. जपानने १८७३ साली पाश्चात्त्य कॅलेंडर स्वीकारलं आणि प्राण्याचं वर्षही १ जानेवारीलाच बदलू लागलं. तिथल्या नववर्षाच्या शुभेच्छापत्रांवर १ जानेवारीला नवा प्राणी असतो. म्हणजे हॉटेलातला तो कागद जपानी माणसाला बरोबर ठरतो. दुसरी सीमारेषा चिनी ज्योतिषांची. जन्मवेळेवरून कुंडली मांडणारे बरेच जण चंद्र बघतच नाहीत. ते वर्ष बदलतात लीछुन या वसंतारंभाला. हा सूर्याच्या गतीवरचा टप्पा आहे आणि तो दरवर्षी ४ फेब्रुवारीच्या आसपासच येतो. १९८५ मध्ये तो ४ फेब्रुवारीला पहाटे लागला. त्यामुळे नववर्षाच्या तारखेने उंदीर असलेला रोनाल्डो या ज्योतिषांच्या लेखी एका दिवसाने बैल होतो. म्हणून चीनमधल्या दोन माणसांनी तुम्हाला दोन प्राणी सांगितले, तर त्यांतला एक अडाणी आहे असं समजू नका. ‘वर्ष कधी बदललं असं धरता?’ एवढंच विचारा. मला स्वतःला लोकव्यवहाराची रीत जास्त खरी वाटते. घरोघरी वय मोजताना, नातवंडाचा प्राणी सांगताना लोक सणाच्या दिवसालाच वर्ष बदललं असं मानतात.

आणि त्यांच्यासाठी ही नुसती करमणूक नाही. दर बारा वर्षांनी आपल्या प्राण्याचं वर्ष परत येतं, त्याला बनमिंगनियन म्हणतात. ते वर्ष जपून काढायचं अशी समजूत आहे. घरातली मोठी माणसं लाल करगोटा, लाल मोजे, लाल बनियन आणून देतात आणि वर्षभर अंगावर ठेवायला सांगतात. ५ फेब्रुवारी १९८५ ला चीनमध्ये जन्मलेल्या मुलीच्या आईने ते लाल मोजे २५ जानेवारी २०२० ला, उंदराच्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, पुढे केले असतील. तक्त्यावर विसंबून बैलाची वाट पाहिली असती, तर ते मोजे १२ फेब्रुवारी २०२१ ला पायांत चढले असते. तेव्हा जपून काढायचं वर्ष आदल्या दिवशीच सरलेलं होतं.