‘असते तर’मधला न सांगितलेला काळ

‘पाऊस आला तर सामना रद्द होईल’ याचं इंग्रजी करताना ‘आला’ दिसताच भूतकाळ लावून ‘इफ इट रेन्ड’ लिहिणारे बरेच. पण पाऊस अजून यायचाय. इथला ‘आला’ फक्त क्रम सांगतो: आधी पाऊस, मग सामना रद्द. ‘तो घरी असेल तर निरोप दे’ यात उलट गंमत. रूप भविष्यकाळाचं, अट मात्र आत्ताची. इंग्रजीला दोन्हीकडे ‘इफ’नंतर साधा वर्तमानकाळच लागतो: ‘इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड’ आणि ‘इफ ही इज ॲट होम, गिव्ह हिम द मेसेज’. रूपाला रूप जुळवायला गेलं की दोन्ही फसतात.

खरी अडचण ‘असते तर’पाशी येते. ‘माझ्याकडे पैसे असते तर मी ती जमीन घेतली असती.’ पैसे नाहीत हे या वाक्यातून पक्कं कळतं. ते आज नाहीत की तेव्हा नव्हते, हे कळत नाही. ‘असता’ची रूपं गोष्ट घडली नाही एवढंच नोंदवतात, काळ मोकळा ठेवतात. इंग्रजीत तो मोकळा ठेवता येत नाही. जमीन आजही विक्रीला असेल, तर ‘इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय दॅट लँड’. ती गेल्या वर्षीच दुसऱ्याच्या नावावर झाली असेल, तर ‘इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट दॅट लँड’. दोन ‘हॅड’ कानाला खटकतात म्हणून एक गाळला, की तुटलेला व्यवहार पुन्हा चालू झाल्यासारखा वाटतो. दोन्ही अर्ध्यांचा काळ एकच असतो असंही नाही. ‘तेव्हा शिकलो असतो तर आज नोकरी असती’ यात अट मागची, फळ आजचं. म्हणून ‘इफ आय हॅड स्टडीड देन, आय वुड हॅव अ जॉब टुडे’.

यावर कुणी म्हणेल, काळ तर संदर्भावरून कळतोच. मराठी वाचकाला कळतो, खरं आहे. पण म्हणूनच भाषांतर करणाऱ्याने तो आधी संदर्भातून शोधून इंग्रजी क्रियापदात घालायचा असतो. शाळेतले तीन ठरीव प्रकार पाठ असले तरी इथे पुरत नाहीत, कारण कोणता प्रकार लावायचा हे मराठी रूप दर वेळी सांगत नाही. ‘लॉटरी लागली तर बंगला बांधेन’ हेच घ्या. तिकीट खिशात आहे आणि आशाही आहे, तर ‘इफ आय विन, आय विल बिल्ड’. नुसतं मनोराज्य असेल, तर ‘इफ आय वॉन, आय वुड बिल्ड’. मराठीत ‘लागली’ आणि ‘बांधेन’ दोन्ही वेळा तेच राहतं. बोलणाऱ्याला त्या तिकिटाची कितपत आशा आहे, ते इंग्रजीत ‘विल’ किंवा ‘वुड’ने सांगावंच लागतं.