व्हॉट्सॲप बघून आलो तर गेम पहिल्यापासून का सुरू होते? (भागाची लिखित आवृत्ती)

शेवगावहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आलीये. फोन ३ जीबी रॅमचा, गेम बीजीएमआय. मॅच ऐन रंगात आलेली आणि वडिलांचा व्हॉट्सॲपवर मेसेज: घोडेगावच्या मार्केटमधल्या कांद्याच्या पट्टीचा फोटो पाठव. पट्टी याच्या खिशात. त्याने गेम सोडली, कॅमेरा उघडून फोटो काढला, व्हॉट्सॲपवर पाठवला आणि परत आला. अर्ध्या मिनिटाचं काम. पण समोर काय, तर गेमचा लोगो, मग लोडिंग, मग लॉबी. परत मॅचमध्ये शिरेपर्यंत स्क्वाड गारद. त्याचा प्रश्न असा की फोन खराब झालाय का?

फोन ठणठणीत आहे भावा. फोनने त्याच्या नियमाप्रमाणेच काम केलंय, आणि तो नियम कळला की निम्मा त्रास कमी होतो.

आधी हिशोब बघू. आकडे ढोबळ आहेत, फोनप्रमाणे बदलतात. ३ जीबीपैकी काही भाग हार्डवेअरसाठी आधीच राखलेला असतो, हाती येतात साधारण २.८. त्यातले सव्वा-दीड जीबी अँड्रॉइड, कीबोर्ड, होम स्क्रीन आणि मागे चालणारी बारीकसारीक कामं खातात. गेमला एक जीबीच्या आसपास लागतं. उरलं काय? तीनचारशे एमबी. एवढ्या जागेत व्हॉट्सॲप कसंबसं बसतं. कॅमेरा मात्र खादाड गडी आहे, त्याला एकदम मोठे मोठे फोटो हातात धरायचे असतात. म्हणजे कुणाला तरी बाहेर काढावंच लागणार.

बीजीएमआय २०२१ मध्ये आली तेव्हा अँड्रॉइडसाठी किमान २ जीबी रॅम सांगितली होती. ती गेम चालण्यासाठी. गेम मागे ठेवून दुसरं ॲप उघडायची हमी त्यात कुठेच नव्हती.

आता बाहेर कुणाला काढायचं हे कसं ठरतं? अँड्रॉइड प्रत्येक ॲपला एक नंबर देतं. नंबर जितका मोठा, तितका जाण्याचा धोका जास्त. स्क्रीनवर समोर असलेल्या ॲपचा नंबर ०. मागे गाणी वाजवणाऱ्या ॲपचा २००, म्हणून गेम उडते तरी गाणं चालू राहतं. होम स्क्रीनचा ६००. तुम्ही आत्ताच सोडून आलेल्या ॲपचा ७००, कारण तुम्ही लगेच परत याल असा सिस्टिमचा अंदाज असतो. आणि त्याच्याही आधीची, नुसती पडून असलेली सगळी ॲप्स ९०० च्या पुढे. रॅम कमी पडली की कापाकापी मोठ्या नंबरापासून सुरू होते.

आता आपल्या शेवगावकराचा प्रवास परत बघा. तो गेममधून कॅमेऱ्यात गेला, तेव्हा गेम ७०० वर आली. कॅमेऱ्यातून व्हॉट्सॲपवर गेला, तेव्हा ७०० ची जागा कॅमेऱ्याने घेतली आणि गेम ९०० च्या पुढच्या गर्दीत ढकलली गेली. त्या गर्दीतली बाकीची ॲप्स कॅमेऱ्याने आधीच साफ केली असणार. मग नंबर कुणाचा? गेमचाच.

म्हणजे खरी गोची गेम सोडण्यात कमी आहे, तिसरं ॲप मध्ये आणण्यात जास्त. त्याने थेट व्हॉट्सॲप उघडून चॅटमधल्याच कॅमेरा बटणाने फोटो काढला असता, तर सिस्टिमच्या लेखी तो एकाच ॲपमध्ये गेला असता आणि गेम ७०० वरच राहिली असती. शंभर टक्के वाचली असती असं म्हणणार नाही, कारण कॅमेरा कुठूनही उघडला तरी रॅम मागतोच. पण शक्यता बरीच वाढली असती. मध्ये होम स्क्रीनवर जाऊन आलात तर बिघडत नाही, ती तिसऱ्या ॲपमध्ये धरत नाहीत. मात्र ७०० ची ही सवलत फार काळ टिकत नाही, तेव्हा स्टेटस बघत बसू नका.

त्याहून भारी उपाय म्हणजे गेम समोरून हलवायचीच नाही. साधा मेसेज असेल तर नोटिफिकेशन खाली ओढून तिथेच रिप्लाय लिहा. त्यात गेमचा नंबर ढळत नाही. बऱ्याच फोनमध्ये व्हॉट्सॲप छोट्या तरंगत्या खिडकीत उघडता येतं, तेव्हाही गेम मागे दिसत राहते आणि दिसणाऱ्या ॲपला सहसा हात लावत नाहीत. अगदी कमी रॅमच्या, अँड्रॉइड गो वाल्या फोनमध्ये ही सोय बहुधा नसते.

आता व्हर्च्युअल रॅम. सेटिंगमध्ये ‘+२ जीबी’ वगैरे लिहिलेलं असतं आणि सगळ्यांना वाटतं, फोन पाच जीबीचा झाला. ती स्टोरेजमधली जागा आहे, आणि स्वस्त फोनचं स्टोरेज रॅमच्या मानाने फार संथ. शिवाय गेमचा मोठा भाग म्हणजे ग्राफिक्स चिप वापरत असलेली चित्रं, आणि ती सहसा तिकडे हलवता येत नाहीत. व्हॉट्सॲप, ब्राउझर अशी मंडळी तिकडे सरकतात आणि गेमला थोडी जागा मिळते, एवढाच फायदा. चालू ठेवा, पण गेम अडकत-अडकत चालायला लागली तर बंद करून बघा.

ग्राफिक्स कमी केल्याचा फायदा मात्र थेट होतो. चित्रं हलकी झाली की गेमचं वजनच उतरतं. सेटिंग बदलल्यावर गेम पूर्ण बंद करून परत उघडा, नाहीतर जुनी चित्रं रॅममध्ये तशीच राहू शकतात.

रीसेंट स्क्रीनवर ॲपला कुलूप लावायची सोय असते. ते जरूर लावा, पण ते कशापासून वाचवतं ते समजून घ्या. ‘क्लिअर ऑल’ दाबल्यावर आणि कंपनीच्या बॅटरी वाचवणाऱ्या सफाईत गेम टिकते. रॅमच संपली तर कुलूप असूनही गेम जाऊ शकते.

यूट्यूबवर एक सल्ला फार फिरतो: डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन Background process limit हे No background processes वर ठेवा. थोडा विचार करा, तुम्ही व्हॉट्सॲपवर गेलात की बॅकग्राउंडला कोण असतं? तुमची गेमच! ही मर्यादा तिलाही लागू होते. ते Standard limit वरच असू द्या. Don't keep activities सुद्धा बंदच हवं. आणि क्लीनर ॲप म्हणजे तर मागे बसलेलं आणखी एक ॲप.

शेवटी, दोष रॅमचाच आहे हे ओळखायचं कसं? परत आल्यावर लोगोपासून सुरुवात झाली तर गेम बंद पडली होती. मॅचचं चित्र तसंच दिसतंय आणि वर ‘रीकनेक्टिंग’ फिरतंय, तर गेम जिवंत आहे, फक्त सर्व्हरशी नातं तुटलंय. तिथे रॅमचे उपाय करून काही होणार नाही, नेटवर्क बघा. फोन अँड्रॉइड ११ किंवा पुढचा असेल आणि कॉम्प्युटरवर एडीबी असेल, तर फोनलाच विचारता येतं:

```
adb shell dumpsys activity exit-info com.pubg.imobile
```

सर्वात अलीकडच्या नोंदीत reason=3 (LOW_MEMORY) दिसलं तर रॅम कमी पडली. USER REQUESTED दिसलं तर ती कुणीतरी हाताने बंद केली. काही फोन LOW_MEMORY सांगत नाहीत, नुसतं SIGNALED आणि status=9 दाखवतात. तिथेही पहिला संशय रॅमवरच घ्या.