परिचयातून काय गाळायचं?

व्यासपीठावर निवेदक वाचतो, ‘गेली तीन वर्षे प्रॅक्टिस करणाऱ्या तरुण सीए, व्हॅट आणि सेवाकराच्या अभ्यासक...’ परिचय 2015 सालचा, एका स्मरणिकेसाठी लिहिलेला. आयोजकांना जुन्या मेलमध्ये तोच सापडला. पाहुण्या बाईंची प्रॅक्टिस आता बारा वर्षांच्या पुढे गेली आहे आणि सेवाकर 1 जुलै 2017 पासून जीएसटीत सामावला गेला आहे.

असा परिचय बदलताना बहुतेकजण शेवटी दोन नव्या ओळी जोडतात. दहावीचे टक्के, पहिल्या प्रयत्नात सीए, कॉलेजातलं एकांकिकेचं बक्षीस, हे सगळं वर तसंच राहतं आणि निवेदकाचा श्वास संपतो तेव्हा कुठे आजचं काम येतं.

त्यापेक्षा परिचय कागदावर उतरवून प्रत्येक ओळीसमोर साल लिहावं. मग एकेक ओळ तपासावी. पहिला प्रश्न असा, की ही गोष्ट पुढच्या कामात आपोआप आलीच आहे का? इतकी वर्षं स्वतःची फर्म चालवणाऱ्या सीएच्या दहावीच्या टक्क्यांनी आता काहीच नवं कळत नाही. ‘पहिल्या प्रयत्नात’चंही तेच. त्या काळी हाच पुरावा होता, म्हणून तो लिहिला होता. आता दोन्ही गाळावेत.

दुसरा प्रश्न, हे आजही खरं आहे का? ‘तरुण’ आणि ‘गेली तीन वर्षे’ हे शब्द आपोआप शिळे होतात. ‘2012 पासून प्रॅक्टिस’ लिहिलं की ते दरवर्षी बदलावं लागत नाही. सलग पाच वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर फेलो सदस्यत्व घेतलं असेल, तर नावापुढचं ‘एसीए’ बदलून ‘एफसीए’ करायला हवं. सेवाकराची ओळ मात्र सरसकट खोडू नये. बाई अजून त्या काळातले वाद लढवत असतील, तर ‘सेवाकराची जुनी प्रकरणे’ असं नेमकं लिहावं.

जुनं म्हणून सगळंच टाकाऊ नसतं. आर्टिकलशिपमध्ये त्यांनी सहकारी साखर कारखान्यांचं ऑडिट केलं होतं. आज त्यांचं मुख्य काम सहकारी संस्थांचंच आहे. म्हणून ही सर्वांत जुनी ओळ राहते. एकांकिकेचं बक्षीस करविषयक व्याख्यानात नको. नाट्यसंस्थेच्या विश्वस्त म्हणून बोलावलं, तर मात्र ते हवं.

नवा परिचय असा होतो: ‘2012 पासून प्रॅक्टिस करणाऱ्या एफसीए. आर्टिकलशिपपासून सहकारी संस्थांच्या ऑडिटचा अनुभव. जीएसटी आणि सेवाकराच्या जुन्या प्रकरणांत सल्लागार.’

गाळलेल्या ओळी पुसून टाकू नयेत. पुरस्काराच्या किंवा पदाच्या अर्जात सालासकट सगळं मागतात, त्यासाठी एक संपूर्ण यादी वेगळी ठेवावी. आयोजकांना पाठवायच्या फाइलच्या नावात महिना आणि साल घालावं आणि जुनी प्रत वापरू नका, असं त्याच मेलमध्ये स्पष्ट कळवावं.